ग्रोथ हार्मोन, सोमॅटोमेडिन आणि न थांबणारी वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिऑलॉजीच्या वर्गात पिट्युटरीचा धडा आला की तेच ते प्रश्न दरवर्षी येतात. पुढे वॉर्डात पेशंटचे नातेवाईकही साधारण तेच विचारतात, फक्त शब्द वेगळे. त्यातले जे मुळाशी जातात ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरोखर सांगण्यासारखं आहे.

ग्रोथ हार्मोनच जर वाढ घडवतं, तर मध्ये हे सोमॅटोमेडिन कुठून आलं?

एका फसलेल्या अपेक्षेतून आलं. १९५७ साली सॅमन आणि डॉहाडे या अमेरिकन संशोधकांनी, ग्रोथ हार्मोन बनवणारी पिट्युटरी ही ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांची कूर्चा घेतली, म्हणजे हाड होण्याआधीचा तो लवचीक भाग. वाढणारी कूर्चा सल्फेट शोषून घेते, म्हणून किती सल्फेट आत गेलं यावरून वाढ मोजायची अशी युक्ती होती. या कूर्चेवर बशीत थेट ग्रोथ हार्मोन टाकलं, तर जवळपास काहीच घडलं नाही. निरोगी उंदराच्या रक्तातला सीरम टाकला, तर कूर्चा कामाला लागली. पिट्युटरी नसलेल्या उंदराचा सीरम निकामी ठरला. पण त्याच उंदराला आधी ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन देऊन मग सीरम काढला, तर तो मात्र चालला.

अर्थ सरळ होता. ग्रोथ हार्मोन शरीरात जाऊन दुसरंच काहीतरी तयार करवून घेतं आणि कूर्चेला ते दुसरं हवं असतं. त्याला आधी ‘सल्फेशन फॅक्टर’ म्हणत. १९७२ मध्ये त्याचं नाव सोमॅटोमेडिन झालं: सोमॅटोट्रोपिनचा, म्हणजेच ग्रोथ हार्मोनचा, मध्यस्थ. १९७८ मध्ये त्याची रचना उलगडली. ७० अमिनो आम्लांची ही साखळी इन्सुलिनच्या पूर्वरूपाशी इतकी मिळतीजुळती निघाली की तिला इन्सुलिनसारखा वाढघटक, आयजीएफ-१, हे नाव पडलं. आज लॅबच्या रिपोर्टवर हेच नाव असतं. जुन्या पुस्तकात ‘सोमॅटोमेडिन-सी’ दिसलं तर गोंधळू नका, तेही हेच.

मग सगळं काम यकृतातून आलेलं आयजीएफ-१ करतं का?

बरीच वर्षं आम्हीही असंच शिकवायचो. रक्तात फिरणारं आयजीएफ-१ मुख्यतः यकृतातून येतं, हे खरंच आहे. पण १९९९ मध्ये असे उंदीर तयार केले गेले की ज्यांचं फक्त यकृत आयजीएफ-१ बनवू शकत नव्हतं. त्यांच्या रक्तातली पातळी साधारण तीन चतुर्थांशाने उतरली, तरी ते जवळपास नेहमीसारखे वाढले. म्हणजे हाडाच्या टोकाशी असलेली वाढपट्टी, ग्रोथ प्लेट, ग्रोथ हार्मोनच्या हुकमावरून स्वतःपुरतं आयजीएफ-१ जागच्या जागी बनवते.

रक्तातल्या आयजीएफ-१ चं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. पिट्युटरीला ‘आता पुरे’ हा निरोप पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

हा निरोप नेमका कसा जातो? नियंत्रण कोणाच्या हातात आहे?

मटाराएवढी पिट्युटरी मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत बसलेली असते. तिच्या वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग. तिथून दोन विरुद्ध हुकूम खाली येतात: जीएचआरएच सांगतं ‘सोड’, सोमॅटोस्टॅटिन सांगतं ‘थांब’. या दोघांच्या ओढाताणीमुळे ग्रोथ हार्मोन एकसारखं न झिरपता झटक्याझटक्याने बाहेर पडतं. सर्वात मोठा झटका बहुधा झोप लागल्यावर पहिल्या गाढ टप्प्यात येतो. जठरातून येणारं घ्रेलिनही ‘सोड’च्या बाजूने बोलतं, पण ते दुय्यम.

सुटलेलं ग्रोथ हार्मोन यकृतात जातं, आयजीएफ-१ वाढतं, आणि ते आयजीएफ-१ परत फिरून दोन ठिकाणी लगाम ओढतं. पिट्युटरीच्या पेशींना ते थेट गप्प करतं आणि हायपोथॅलॅमसमध्ये सोमॅटोस्टॅटिन वाढवतं. झालं वर्तुळ पूर्ण.

जेवणाचाही यात हात आहे. रक्तातली साखर चढली की ग्रोथ हार्मोन दबतं, साखर उतरली की वाढतं. हे लक्षात ठेवा, निदानाची मुख्य चाचणी यावरच उभी आहे.

वर्तुळ कुठे तुटलंय हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं. कुपोषित मुलाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन जास्त आणि आयजीएफ-१ कमी असतं, कारण उपाशी यकृत हुकूम ऐकत नाही आणि लगाम ओढायला कोणी उरत नाही. लॅरॉन सिंड्रोममध्येही आकडे तसेच, पण कारण वेगळं: ग्रोथ हार्मोनला पकडणारा रिसेप्टरच जन्मतः बिघडलेला. ही माणसं खूप बुटकी राहतात आणि ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनने त्यांना काही फरक पडत नाही. थेट आयजीएफ-१ द्यावं लागतं.

गाठ झाल्यावर आयजीएफ-१ इतकं चढतं, तर लगाम का बसत नाही?

पिट्युटरीत होणारी ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. साधी, हळू वाढणारी ॲडेनोमा असते. तिच्यातल्या पेशी मात्र हुकमाची वाट बघत नाहीत. अशा गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत एका ठरावीक प्रथिनात बदल झालेला सापडतो. जीएचआरएच येऊन बटण दाबतं तेव्हा पेशीच्या आत हे प्रथिन चालू होतं आणि काम झालं की बंद होतं. बदललेलं प्रथिन बंदच होत नाही. जणू दारावरची बेल दाबून कोणीतरी बोट तसंच ठेवलंय. वरून जीएचआरएच येवो न येवो, आतली बेल वाजतच राहते.

आयजीएफ-१ आपलं काम करत असतंच. आजूबाजूच्या निरोगी पेशी गप्प होतात, हायपोथॅलॅमस जीएचआरएच कमी करतो. फक्त जिला थांबवायचं ती गाठ ऐकत नाही.

क्वचित दोष पिट्युटरीत नसतोच. स्वादुपिंडातली किंवा फुप्फुसातली एखादी गाठ जीएचआरएच बनवू लागते आणि पिट्युटरी बिचारी आज्ञाधारकपणे फुगत जाते. गंमत अशी, की माणसाचं जीएचआरएच १९८२ मध्ये वेगळं काढलं गेलं ते हायपोथॅलॅमसमधून नाही, तर अशाच पेशंटांच्या स्वादुपिंडातल्या गाठींमधून.

वयात येण्याआधी हे झालं तर काय होतं?

जायगँटिझम, म्हणजे महाकायता. वाढपट्ट्या उघड्या असतात, त्यामुळे लांब हाडं लांबतच जातात. यावर ढोबळ बोलण्यापेक्षा एकाच माणसाच्या उंचीचा आलेख बघू या.

रॉबर्ट वॉडलो २२ फेब्रुवारी १९१८ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी जन्मला. जन्मताना वजन सर्वसाधारण बाळासारखं. पाचव्या वर्षी उंची १६३ सेंटिमीटर, म्हणजे बालवाडीच्या वयात आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या माणसाएवढी. आठव्या वर्षी सुमारे १८८, तेराव्या वर्षी सुमारे २२४, अठराव्या वर्षी सुमारे २५४. २७ जून १९४० रोजी शेवटचं माप घेतलं ते २७२ सेंटिमीटर. खात्रीलायक नोंद असलेल्यांत इतका उंच माणूस दुसरा झालेला नाही.

आता वजाबाकी करा. पाच ते आठ या काळात वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर. आठ ते तेरा, सुमारे ७. तेरा ते अठरा, ६. अठरानंतर मरेपर्यंत, सुमारे ४. शाळकरी वयातलं निरोगी मूल वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. म्हणजे पाचव्या वर्षानंतर वॉडलोचा वेग फार अचाट नव्हता! वर्गात हे गणित फळ्यावर मांडलं की मुलं पुन्हा पुन्हा आकडे तपासतात.

अचाट गोष्टी दोन होत्या. पहिल्या पाच वर्षांतच तो वयाच्या मानाने अर्ध्या मीटरहून जास्त पुढे गेला होता. आणि दुसरी, तो थांबला नाही. इतर मुलं अठराव्या वर्षी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करणं सोडून देतात, तेव्हा हा अजून १८ सेंटिमीटर वाढायचा होता. आलेखात वयात येतानाची उसळीही ठळक दिसत नाही आणि त्यानंतरचा सपाट भागही नाही. एक उतार, हळूहळू मंदावणारा, पण शून्याला न पोचणारा.

पण वाढपट्ट्या ठरलेल्या वयात बंद होतातच ना? त्याच्या का झाल्या नाहीत?

वाढपट्टी वय मोजत बसत नाही. तिला बंद करतं ते इस्ट्रोजेन. मुलींमध्ये तर करतंच, पण मुलग्यांमध्येही. मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनमधूनच थोडं इस्ट्रोजेन बनतं आणि वाढपट्टीचा हिशोब तेच मिटवतं.

हे निर्विवादपणे कळलं १९९४ मध्ये, एका अमेरिकन तरुणामुळे. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, आणि वाढ चालूच. मिशा, दाढी, आवाज सगळं पुरुषी, टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. हाडांचं वय मात्र एक्स-रेवर १५ वर्षांचं. त्याच्या पेशींमधला इस्ट्रोजेनचा रिसेप्टर जन्मापासून निकामी होता. त्याला ग्रोथ हार्मोनची गाठ नव्हती. वाढ बंद करणारा हुकूम कानावर न पडणं एवढंच पुरेसं झालं.

जायगँटिझममध्ये या दोन गोष्टी अनेकदा एकत्र येतात. वाढत जाणारी गाठ शेजारच्या पेशींना दाबते, आणि त्यांत अंडाशय-वृषणांना जागं करणाऱ्या पेशीही असतात. मग वयात येणंच लांबतं किंवा अडतं, इस्ट्रोजेन तयार होत नाही, आणि वाढपट्ट्या विशीनंतरही उघड्या राहतात. एकीकडे ॲक्सिलरेटर दाबलेला आणि दुसरीकडे ब्रेकची तार तुटलेली. हात-पाय धडाच्या मानाने जास्त लांब दिसतात तेही यामुळेच.

याच हार्मोनने मोठेपणी हात-पाय आणि चेहरा जाडावतो त्याला ॲक्रोमेगॅली म्हणतात, ती पुढे येतेच. पण ‘बारा वर्षांआधी जायगँटिझम, नंतर ॲक्रोमेगॅली’ अशी रेघ ओढू नका. मुलींच्या वाढपट्ट्या साधारण १४-१६ व्या वर्षी, मुलग्यांच्या १६-१८ च्या सुमारास बंद होतात, पण जायगँटिझमच्या पेशंटमध्ये या आकड्यांवर विसंबता येत नाही. हाताचा एक्स-रे काढून पट्टी उघडी आहे की मिटली हे बघावं लागतं.

म्हणजे महाकाय माणूस ताकदवान असतो, असंच ना?

उलट. सुरुवातीला ताकद वाढते, पण पुढे स्नायू अशक्त होतात, सांधे झिजतात, पायांतली संवेदना मंदावते. वॉडलो चालायला पायांना आधारपट्ट्या बांधत असे. पायांना नीट कळत नसल्यामुळे एका पट्टीने घोटा घासून फोड आला तो वेळेत लक्षात आला नाही, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि १५ जुलै १९४० रोजी, शेवटचं माप घेतल्यावर १८ दिवसांनी, तो गेला. वय २२.

वयात आल्यानंतर हाच हार्मोन जास्त झाला तर उंची का वाढत नाही?

लांबी वाढवायची जागाच उरलेली नसते. वाढपट्टीचं हाड झालं की दोन्ही तुकडे सांधले जातात. पण ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ ऐकणाऱ्या पेशी फक्त वाढपट्टीत असतात असं थोडंच आहे! हाडाच्या बाहेरच्या आवरणात त्या आयुष्यभर असतात. म्हणून हाड लांब न होता जाड होतं. बोटं रुंदावतात, कपाळाखालची भुवयांची कड पुढे येते.

खालचा जबडा हा खास अपवाद. त्याच्या सांध्याजवळच्या टोकाशी कूर्चेचा एक थर मोठेपणीही उरलेला असतो आणि तो आयजीएफ-१ ला प्रतिसाद देतो. त्यामुळे जबडा खरोखर लांबतो, खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात आणि दातांमध्ये फटी पडतात.

मऊ भाग तर हाडांच्या आधीच बदलतात. त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात, घाम वाढतो, जीभ आणि घसा जाड होऊन घोरणं सुरू होतं, मनगटातली नस दाबली जाऊन रात्री हाताला मुंग्या येतात. हृदयाची भिंतही जाड होते, पण ती आरशात दिसत नाही.

१८८६ मध्ये पिअर मारी या फ्रेंच डॉक्टरने याला ॲक्रोमेगॅली हे नाव दिलं: टोकांची वाढ. हात, पाय, नाक, हनुवटी. आणि एक गोष्ट पुस्तकात निसटते. जायगँटिझम झालेल्यांना यातून सूट नाही. त्यांचेही हात-पाय आणि चेहरा असेच जाडावतात, आणि वाढपट्ट्या मिटल्यावर आजार चालू राहिला तर उंच माणसाला ॲक्रोमेगॅली होते. हे दोन वेगळे आजार नाहीत. एकच गाठ, फरक फक्त तेव्हा वाढपट्टी उघडी होती की नाही याचा.

ग्रोथ हार्मोनचा आजार आहे, मग रक्तात ग्रोथ हार्मोन न मोजता आयजीएफ-१ का मोजतात?

कारण ग्रोथ हार्मोन झटक्यांत येतं आणि ते निम्मं व्हायला जेमतेम वीस मिनिटं लागतात. निरोगी माणसाच्या रक्तात सकाळी आठला ते जवळपास शून्य असेल आणि तासाभराने १० नॅनोग्रॅमही असेल. एका नमुन्यावरून काही सांगणं म्हणजे एका लाटेवरून भरती-ओहोटी ठरवणं.

आयजीएफ-१ रक्तात वाहक प्रथिनांना चिकटून फिरतं, त्यामुळे तासनतास टिकतं आणि दिवसभर पातळी फारशी हलत नाही. मागच्या एक-दोन दिवसांची सरासरीच म्हणा. पण रिपोर्ट वयाप्रमाणे वाचायला हवा. वयात येताना आयजीएफ-१ प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असणं नैसर्गिक आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा आकडा चाळिशीच्या मर्यादेशी ताडून घाबरलेले आई-वडील मी बघितले आहेत. उलट बाजूने, यकृताचा आजार, कुपोषण, हाताबाहेर गेलेला मधुमेह किंवा तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आयजीएफ-१ खाली आणतं आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो.

प्रत्यक्षात निदान कसं होतं? एखादं उदाहरण द्याल?

हे उदाहरण रचलेलं आहे, कोणा एका व्यक्तीचं नाही. पण यातली प्रत्येक पायरी रोजच्या अनुभवातली.

एक बाई, वय ४४. जोडवी इतकी घट्ट झाली की शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. त्याआधी कासाराकडे बांगड्यांचं माप दोनदा वाढलं होतं. घरच्यांनी म्हटलं, अंग सुटलंय. वजनकाटा मात्र तसं म्हणत नव्हता. चप्पल सहा नंबरची आठ झाली. मधल्या काळात मनगटाच्या नसेचं ऑपरेशन झालं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, घोरण्याबद्दल नवऱ्याची तक्रार. प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे गेली आणि तिथे तिला पटण्यासारखं उत्तरही मिळालं. पाच वर्षांनी परदेशातून आलेली बहीण दारातच म्हणाली, “अगं, तुझा चेहरा काय झालाय हा!” रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधार कार्ड मागा. त्यावरचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो समोरच्या चेहऱ्याशेजारी धरा.

आयजीएफ-१ आलं ६९०. तिच्या वयाची वरची मर्यादा त्या लॅबमध्ये सुमारे २५०. मग खात्रीची चाचणी: उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. साखर चढली की निरोगी पिट्युटरी ग्रोथ हार्मोन १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आणते. नव्या, जास्त संवेदनशील पद्धतींमध्ये ही रेघ ०.४ धरतात. हिचे आकडे: १४, १२.८, १३.१, १५, १३.६. साखर चढली, उतरली, गाठीला पत्ताच नाही.

एमआरआयमध्ये पिट्युटरीत १४ मिलिमीटरची गाठ दिसली. १० च्या वर गेली की तिला मोठी म्हणतात. दृष्टीच्या नसा बरोबर वरून जातात, म्हणून डोळ्यांची तपासणीही झाली. नसा दबल्या असत्या तर दोन्ही बाजूंच्या कडेचं दिसणं कमी झालं असतं. अशी माणसं दाराच्या चौकटीला खांदा आपटत चालतात. हिचं ठीक होतं.

ग्लुकोजची चाचणीही फसवू शकते. वयात येणाऱ्या काही निरोगी उंच मुलांमध्ये ग्रोथ हार्मोन नीट दबत नाही, आणि साखर आधीच खूप चढलेली असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

आयजीएफ-१ इन्सुलिनसारखं आहे, मग या पेशंटांना मधुमेह का होतो?

छान प्रश्न. आयजीएफ-१ साखर थोडी खाली ओढतं, पण ग्रोथ हार्मोन स्वतः थेट उलट काम करतं. ते चरबी वितळवून रक्तात सोडतं, स्नायूंना साखर घेऊ देत नाही आणि यकृताला साखर बनवायला लावतं. या रस्सीखेचीत ग्रोथ हार्मोन जिंकतं.

उपचारांत काय करतात?

आपण वर काढलेल्या वर्तुळावर प्रत्येक उपचाराचं बोट ठेवता येतं. पहिला उपाय शस्त्रक्रिया. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढतात, बाहेर टाका दिसत नाही. गाठ उरली तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन, बहुधा महिन्यातून एकदा. ही सोमॅटोस्टॅटिनची टिकाऊ रूपं आहेत, म्हणजे ‘थांब’ हा हुकूम मोठ्या आवाजात. काहींना कॅबरगोलिनच्या गोळ्या पुरतात. किरणोपचारांचा परिणाम दिसायला वर्षं लागतात.

सर्वात मजेदार औषध पेगव्हिसोमंट. ते गाठीला हातच लावत नाही. ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरवर जागा अडवून बसतं, त्यामुळे आयजीएफ-१ उतरतं. पण आयजीएफ-१ उतरल्यावर लगाम सैल होतो आणि रक्तातलं ग्रोथ हार्मोन चक्क वाढतं! या पेशंटचं ग्रोथ हार्मोन मोजून औषध चालत नाही असं ठरवणं ही खरी घडणारी चूक आहे. तिथे फक्त आयजीएफ-१ बघायचं, आणि गाठ वाढत नाही ना यासाठी अधूनमधून एमआरआय.

माझा मुलगा वर्गात सगळ्यात उंच आहे. तपासायला हवं का?

आई-वडील उंच असतील आणि मूल आपल्या आलेखाच्या रेषेला धरून वाढत असेल, तर बहुधा नाही. जाड मुलंही लहानपणी वयापेक्षा उंच असतात आणि पुढे सरासरीवर येतात. बघायचं ते हे, की मूल आपली रेषा सोडून वरच्या रेषा ओलांडत चाललंय का. दर सहा महिन्यांनी एकाच भिंतीला टेकवून, अनवाणी माप घ्या आणि तारखेसह लिहा. सोबत डोकेदुखी, दिसण्यात फरक किंवा वयात येणं लांबलेलं असेल तर लवकर दाखवा. अगदी तान्हेपणात सुरू होणारे अतिवाढीचे प्रकारही आहेत, त्यांत एक्स गुणसूत्राच्या एका तुकड्याची जास्तीची प्रत असते. पण ते फार दुर्मीळ.

जिममध्ये ग्रोथ हार्मोन घेऊन मोठेपणी उंची वाढते का?

नाही. पट्ट्या मिटल्यावर इंजेक्शन जाणार ते जबड्याकडे, बोटांकडे, साखरेकडे आणि हृदयाकडे. वर वाचलेली सगळी यादी विकत घेतल्यासारखं आहे.

हा आजार घराण्यात येतो का?

बहुतेक वेळा नाही. काही घराण्यांत मात्र येतो, आणि त्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. चार्ल्स बर्न हा ‘आयरिश महाकाय’ १७८३ मध्ये लंडनमध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी वारला. आपल्याला समुद्रात बुडवा, शल्यविशारदांच्या हाती लागू देऊ नका, असं त्याने सांगून ठेवलं होतं. जॉन हंटर या शल्यविशारदाने त्याचं शव मिळवलंच आणि सांगाडा संग्रहालयात उभा राहिला. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदू-शल्यविशारदाने कवटी उघडून पिट्युटरीची खोबण रुंदावलेली दाखवली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये एआयपी या जनुकातला बदल सापडला, आणि तोच बदल आजच्या उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांतही निघाला. त्यामुळे तिथल्या नातेवाइकांना गाठ मोठी होण्याआधी तपासता येतं. तो सांगाडा २०२३ पासून लोकांना दाखवत नाहीत.

उपचारांनंतर चेहरा, हात परत पहिल्यासारखे होतात का?

मऊ भाग होतात, हाड नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईंचा घाम ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी झाला, घोरणं महिन्याभरात उतरलं. बारा आठवड्यांनी आयजीएफ-१ १९८ आलं. कासाराकडे गेल्या तेव्हा बांगडी एक माप खाली आली, दुसरं माप मात्र तसंच राहिलं, कारण ते हाडाचं होतं. जबडा जिथे होता तिथेच आहे. त्याचं वेगळं ऑपरेशन करता येतं, पण आयजीएफ-१ बराच काळ आटोक्यात राहिल्यावरच, नाहीतर बसवलेला जबडा पुन्हा पुढे यायचा. जोडवी त्यांनी नवी करून घेतली, थोडी मोठी.